डिस्पॅचची तारीख दर वेळी एक आठवडा पुढे का सरकत होती: एका पॅनलच्या ऑर्डरमधली गोल अवलंबित्वं

अंबड एमआयडीसीतलं एक पॅनल बनवणारं छोटं युनिट. ऑर्डर होती पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या प्रीकूलिंगसाठी मोटर कंट्रोल पॅनलची. द्राक्षांचा सीझन जानेवारीत सुरू होतो म्हणून पॅनल डिसेंबरच्या मध्यापर्यंत साइटवर पाहिजे, त्यात चर्चा नाही. मी तिथे प्लॅनिंग बघतो. ट्रॅकरमध्ये ५८ टास्क टाकलेली, डिझाईन, खरेदी, फॅब्रिकेशन, वायरिंग-टेस्टिंग असे चार ग्रुप, आणि टास्कांमध्ये कोण कोणाच्या आधी याच्या लिंका.

सुरुवातीला टाइमलाइनवर डिस्पॅच १२ डिसेंबर दिसत होता. मग कोणीतरी कोटिंगच्या तिकिटात एक कमेंट टाकली, सेव्ह केलं, तर डिस्पॅच १९ वर. कोणी काही बदललं नाही, कालावधी तोच, सुट्टी तीच. परत सेव्ह, २६. अजून एकदा, २ जानेवारी. मालकांचं म्हणणं ट्रॅकर बिघडलाय, एक्सेलवर परत जाऊ. त्यात अजून दोन विचित्र गोष्टी होत्या, डिझाईन ग्रुपमधल्या तीन टास्कांच्या रेघा लाल झालेल्या पण त्यांच्या तारखा मात्र जागच्या हलत नव्हत्या, आणि क्रिटिकल पाथ, म्हणजे डिस्पॅचची तारीख ठरवणारी टास्कांची सगळ्यात लांब साखळी, दाखवा म्हटलं की पांढरी स्क्रीन. म्हणजे लक्षणं तीन आणि तिघांचं वागणं तीन तऱ्हेचं.

तारीख किती सरकते ते आधी बघा, कारण त्या आकड्यातच अर्धं उत्तर असतं. साध्या 'हे संपलं की ते सुरू' लिंकने टास्क गोलात अडकली असतील तर ट्रॅकर एक फेरी मारतो तेव्हा पहिल्याचा शेवट दुसऱ्याची सुरुवात ढकलतो, दुसऱ्याचा शेवट परत पहिल्याची सुरुवात ढकलतो, आणि एका फेरीत तारीख बरोब्बर त्या गोलातल्या सगळ्या कालावधींच्या बेरजेइतकी पुढे जाते. काही ट्रॅकर अशा फेऱ्या मारत राहतात आणि एका मर्यादेला थांबतात, तेव्हा एकदम दोन वर्षांनंतरची तारीख दिसते. आमचा दर सेव्हला एकच फेरी मारायचा. सरकत होता एक आठवडा, म्हणजे आमच्या सहा दिवसांच्या आठवड्यात कामाचे ६ दिवस. पावडर कोटिंग ४ दिवसांचं (बाहेर सातपूरला पाठवतो, धुणं, कोटिंग, परत येणं सगळं धरून) आणि कंपोनंट माउंटिंग २ दिवसांचं. ४ अधिक २. योगायोगही असू शकतो, पण संशय धरायला पुरेसा.

नुसत्या संशयावर लिंका उडवायच्या नाहीत. ट्रॅकरमधून लिंकांची सीएसव्ही काढली आणि शीटमध्ये दोनच कॉलम ठेवले, डावीकडे 'आधीचं', उजवीकडे 'नंतरचं'. पद्धत जुनी आहे, काह्न नावाच्या माणसाने १९६२ मध्ये मांडलेली, आणि कागदावर पण जमते. जे टास्क उजव्या कॉलममध्ये कुठेच नाही त्याच्या आधी कोणी नाही, म्हणजे ते करायला मोकळं, ते यादीतून काढा आणि त्याच्या सगळ्या ओळी पण काढा. त्यामुळे अजून काही मोकळी होतील, ती पण काढा. लिंका धड असतील तर शेवटी यादी रिकामी होते. आमची ५८ वरून ४९ वर आली आणि तिथेच अडली.

इथे बरेच जण फसतात. उरलेली ४९ म्हणजे ४९ टास्क गोलात आहेत असं नाही. गोलाच्या पुढचं सगळंच अडकतं, टेस्टिंग, ग्राहकाचं इन्स्पेक्शन, पॅकिंग, डिस्पॅच, बिचाऱ्यांचा काही दोष नाही पण त्यांच्या आधीचं मोकळं होत नाही म्हणून तीही उरतात. म्हणून आता दुसऱ्या टोकाने सोलायचं. जे टास्क डाव्या कॉलममध्ये नाही, म्हणजे ज्याच्यानंतर कोणी नाही, ते काढा, परत तेच. डिस्पॅचपासून मागे मागे येत ४९ ची ९ झाली: जीए ड्रॉइंग, उष्णतेचं गणित, बीओएम म्हणजे लागणाऱ्या मालाची यादी, स्विचगिअरची ऑर्डर, माल येणं, पत्रा कटिंग, बेंडिंग-वेल्डिंग, पावडर कोटिंग, माउंटिंग.

आणि ही नऊही गोलात नाहीत बरं का. दोन वेगळे गोल असतील तर त्यांच्या मधल्या वाटेवरची टास्क दोन्ही बाजूंनी सोलून पण निघत नाहीत, कारण मागे एक गोल आणि पुढे एक गोल. मग प्रत्येक टास्कपासून बाणांवर बोट ठेवून चालत जायचं आणि परत त्याच टास्कवर येतो का बघायचं. कटिंगपासून निघालो तर बेंडिंग, कोटिंग, माउंटिंग, परत कोटिंग, कटिंगवर काही येत नाही. ऑर्डर आणि माल येणं याचंही तसंच. राहिले खरे आरोपी पाच: कोटिंग-माउंटिंग हा एक गोल आणि जीए-उष्णता-बीओएम हा दुसरा.

ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांना हे हाताने करायची गरज नाही, `tsort` नावाची जुनी कमांड असतेच. फाइलमध्ये दर ओळीला दोन नावं, आधीचं आणि नंतरचं, नावात स्पेस नको.

```
GA HEAT
HEAT BOM
BOM GA
COAT MOUNT
MOUNT COAT
```

```
tsort links.txt
```

गोल सापडला की `input contains a loop` असा मेसेज येतो आणि खाली त्या गोलातली नावं. एक लक्षात ठेवा, ही कमांड तिथे थांबत नाही, गोलातला एक बाण स्वतःच्या मनाने सोडून देते आणि पुढचा क्रम छापत जाते. तो छापलेला क्रम खरा समजून प्लॅन करू नका, कुठला बाण सोडायचा हे त्या कमांडला काय माहीत, तिला पॅनल म्हणजे काय ते पण माहीत नाही.

गोल सापडणं सोपं, कुठली लिंक काढायची हे अवघड. दोन टास्कांचा गोल दिसला की पहिला संशय उलटी लिंक लागल्याचा, कारण स्क्रीनवर `blocks` आणि `is blocked by` शेजारी शेजारी असतात आणि मोबाइलवर घाईत काहीही सिलेक्ट होतं. हिस्टरीत बघितलं तर कोटिंग आधी, माउंटिंग नंतर ही लिंक टेम्प्लेटमधून आलेली, आणि माउंटिंग आधी, कोटिंग नंतर ही शॉपवरच्या सुपरवायझर भाऊंनी टाकलेली. उडवून टाकली असती तर टाइमलाइन लगेच सरळ झाली असती. त्याआधी भाऊंना विचारलं.

भाऊ म्हणाले, "साहेब, बरोबरच टाकलीये मी. एमसीसीबीचा रोटरी हँडल दारावर लावून बघितल्याशिवाय दार कोटिंगला पाठवायचं नाही. मागच्या पॅनलला शाफ्ट दोन एमएम हलला, कोटिंग झालेल्या दाराला परत कानस मारावी लागली, कडेची पावडर उडाली, आणि मग ग्राहक त्यावर बोट ठेवतो."

मीटरचं एवढं टेन्शन नसतं, ९६ बाय ९६ च्या मीटरला ९२ बाय ९२ चा कटआउट ठरलेला, पुशबटनची भोकं पण ठरलेली. पण रोटरी हँडल दारावर आणि एमसीसीबी हा ब्रेकर आत माउंटिंग प्लेटवर, मधे शाफ्ट, त्यामुळे दार, प्लेट आणि ब्रेकर तिघं एका रेषेत आले पाहिजेत. ते प्रत्यक्ष लावूनच कळतं. म्हणजे दोन्ही लिंका खऱ्या होत्या! फायनल माउंटिंग कोटिंगनंतरच, आणि ट्रायल फिटिंग कोटिंगआधीच. दोन वेगळी कामं 'माउंटिंग' या एकाच टास्कमध्ये कोंबलेली म्हणून गोल झाला. मग ते फोडलं, ट्रायल फिटिंग अर्धा दिवस, मग कोटिंग, मग फायनल माउंटिंग दीड दिवस. गोल गेला आणि एकही लिंक खोटी ठरवावी लागली नाही.

पण फोडल्यावर एक नवीन गोष्ट उघडी पडली. ट्रायल फिटिंगला ब्रेकर आणि हँडल हातात पाहिजे. आधीच्या प्लॅनमध्ये माल माउंटिंगच्या आधी आला तरी चालायचा, आता तो कोटिंगच्या आधी पाहिजे, म्हणजे चार दिवस अलीकडे. खरेदीवाल्या मॅडमना हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या गोलामुळे टाइमलाइन पण सांगू शकत नव्हती.

दुसरा गोल वेगळ्याच जातीचा. जीए ड्रॉइंग म्हणजे पॅनलचं बाहेरचं माप आणि आतली मांडणी. उष्णतेच्या गणिताला पॅनलचं माप लागतं, कारण दार, बाजू, छप्पर मिळून पत्रा जितका जास्त तितकी उष्णता बाहेर जाते. उष्णतेवरून ठरतं फॅन-फिल्टर किती आणि मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला वेगळा कप्पा पाहिजे का, ते जातं बीओएममध्ये. आणि बीओएममध्ये काय काय आहे ते कळल्याशिवाय जीए निघत नाही. इथे चुकीची लिंक पण नाही आणि फोडायला जाडं टास्क पण नाही. डिझाईनचं काम असंच फिरत फिरत होतं. डिझाईनच्या पोराने तिन्हींच्या तारखा हाताने टाकून लॉक केलेल्या, म्हणून नुसत्या रेघा लाल, तारखा हलत नव्हत्या. तारखा लॉक करणं हा उपाय नाही, पुढे लोड लिस्ट, म्हणजे कुठली मोटर किती किलोवॅटची याची यादी, उशिरा आली तर ती तीन टास्क जुन्या तारखांवर हसत बसतील आणि कोणाला पत्ता लागणार नाही.

अशा गोलात एक बाण अंदाजाने तोडायचा असतो. डोनाल्ड स्टुअर्ड यांनी १९८१ मध्ये डिझाईन स्ट्रक्चर मॅट्रिक्स मांडली त्यात याला टेअरिंग म्हणतात, म्हणजे एका ठिकाणी माहितीची वाट न बघता अंदाज धरायचा आणि पुढे जायचं. प्रश्न एवढाच की कुठे. बीओएमचा अंदाज धरून जीए काढलं तर धोका मोठा, एक ड्राइव्ह वाढला की अख्खी मांडणी बदलते. उष्णतेचा अंदाज धरून बीओएम काढलं तर फॅन कमी पडायची भीती. पण पॅनलच्या मापाचा अंदाज धरून उष्णता काढली तर गंमत अशी की चूक कुठल्या बाजूला पडेल ते आपल्या हातात आहे. जुन्या तशाच पॅनलचं माप घ्यायचं आणि मुद्दाम थोडं लहानच धरायचं. लहान पॅनलमध्ये थंडावा पुरतोय असं गणित आलं की खरं पॅनल त्याहून मोठं निघालं तरी पुरणारच.

आमच्याकडे २२ किलोवॅटचे दोन ड्राइव्ह होते. ड्राइव्हमध्ये साधारण ३ टक्के उष्णता होऊन जाते असं ढोबळ धरलं तर एकाचे ६६० वॅट, दोघांचे १३०० च्या वर. (ऑर्डरच्या वेळी ढोबळ चालतं, फायनलला कंपनीच्या डेटाशीटमधलाच आकडा घ्यायचा.) ट्रॅकरमध्ये क्रम असा लावला: अंदाजी माप ठरवणं, मग उष्णतेचं गणित, मग बीओएम, मग जीए ड्रॉइंग, मग 'उष्णता पुन्हा तपासणं' असं एक दिवसाचं वेगळं टास्क, आणि ते झाल्यावरच पत्रा कटिंगला ड्रॉइंग द्यायचं. अंदाजाचा आकडा टास्कच्या वर्णनातच लिहिला, नाहीतर तपासायच्या दिवशी कशाशी तपासायचं हेच कोणाला आठवत नाही.

तपासणीत नापास झालं तर काय, मागे बाण काढायचा का? नाही. टाइमलाइनला 'जर-तर' कळत नाही, तिला फक्त आधी आणि नंतर कळतं. मागे बाण काढला की परत तोच गोल. नापास झालं तरच त्या दिवशी 'जीए दुसरी फेरी' नावाचं नवीन टास्क टाकायचं, आणि त्यासाठी दोन दिवस मोकळे आधीच ठेवायचे.

दोन्ही गोल सुटले, `tsort` ने सरळ यादी दिली, काही कुरकुर नाही. तीन वेळा रिकामं सेव्ह करून बघितलं, डिस्पॅच हलला नाही. पण क्रिटिकल पाथ अजून पांढराच! मग टाइमलाइन पूर्ण उघडून बघितली तर डिझाईन ग्रुपची पट्टी सुरुवातीपासून जवळजवळ डिस्पॅचपर्यंत लांब पसरलेली आणि तिच्या शेवटापासून फॅब्रिकेशनच्या सुरुवातीला बाण उजवीकडून डावीकडे, म्हणजे काळात मागे चाललेला.

कारण असं. कोणीतरी ग्रुपलाच लिंक लावलेली, 'डिझाईन संपलं की फॅब्रिकेशन'. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण डिझाईन ग्रुपमध्ये शेवटचं टास्क होतं अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग, जे टेस्टिंग झाल्यावर, वायरिंगमध्ये जे काही बदललं ते टिपून काढतात. ते डिझाईनवालाच करतो म्हणून त्या ग्रुपमध्ये टाकलेलं. ग्रुप संपतो कधी, तर त्यातलं शेवटचं टास्क संपतं तेव्हा. म्हणजे फॅब्रिकेशन थांबलंय अ‍ॅज-बिल्टसाठी, अ‍ॅज-बिल्ट थांबलंय टेस्टिंगसाठी, टेस्टिंग थांबलंय फॅब्रिकेशनसाठी. आमचा ट्रॅकर ग्रुपच्या लिंकवरून तारखा ढकलत नाही म्हणून सरकत काही नव्हतं, पण क्रिटिकल पाथ काढताना ती लिंक धरतो, म्हणून तिथे हात वर.

मग `tsort` ला का नाही दिसलं? कारण मी दिलेल्या फाइलमध्ये फक्त टास्क-टास्क लिंका होत्या, कोण कोणाच्या पोटात आहे हे सीएसव्हीत वेगळ्या कॉलमला असतं. ग्रुप पकडायचा असेल तर प्रत्येक ग्रुपचे दोन ठिपके करायचे, सुरू आणि संपलं. सुरू हा पोटातल्या प्रत्येक टास्कच्या आधी, आणि प्रत्येक टास्क 'संपलं'च्या आधी.

```
D_START GA
GA D_END
ASBUILT D_END
D_END F_START
F_START CUT
CUT BEND
BEND TEST
TEST ASBUILT
```

(मधली टास्क इथे गाळलीत.) आता लगेच ओरडला, `D_END`, `F_START` पासून `ASBUILT` पर्यंत सगळी नावं बाहेर.

उपाय पाच मिनिटांचा. अ‍ॅज-बिल्ट काढून 'हस्तांतर' नावाच्या वेगळ्या ग्रुपमध्ये टाकलं, ग्रुप काम कोण करतं यावरून नको, काम कधी होतं यावरून पाडायचे, निदान टाइमलाइन वापरणार असाल तर. आणि ग्रुपवरची लिंक काढून 'डिझाईन रिलीज' असा शून्य दिवसांचा मैलाचा दगड ठेवला, उष्णता पुन्हा तपासून झाली की रिलीज, रिलीज झालं की कटिंग. ग्रुपला लिंक लावायची नाही हा आता आमच्याकडे नियमच.

याच दोन ठिपक्यांच्या युक्तीने एक उलटा प्रकार पण कळतो. वायरिंग सुरू झाल्यावरच फेरुलिंगची, म्हणजे वायरींच्या टोकांवरच्या नंबरांची, तपासणी सुरू होते, आणि तपासणी संपल्याशिवाय वायरिंग संपलं म्हणत नाही. टास्क म्हणून बघितलं तर वायरिंगकडून तपासणीकडे बाण आणि तपासणीकडून वायरिंगकडे बाण, गोल. पण एक बाण सुरुवातीपासून सुरुवातीला, दुसरा शेवटापासून शेवटाला, ठिपके वेगळे काढले तर गोल नाहीच. बरेच ट्रॅकर तरीही अशी लिंक नाकारतात कारण ते टास्कलाच एक ठिपका समजतात. तेव्हा गुमान वायरिंगचे दोन भाग करायचे, वाद घालण्यात अर्थ नाही.

सगळं झाल्यावर क्रिटिकल पाथ पहिल्यांदा दिसला, लोड लिस्ट, उष्णता, बीओएम, ब्रेकरची ऑर्डर, माल येणं, ट्रायल फिटिंग, कोटिंग, माउंटिंग, वायरिंग, टेस्टिंग. आणि डिस्पॅच १६ डिसेंबर. १२ नाही. मालकांचा चेहरा पडला पण ते १२ कधी खरं नव्हतंच, त्यात ब्रेकर कोटिंगनंतर येणार असं धरलेलं. मग मॅडमनी सप्लायरला फोन करून ऑर्डरचे दोन भाग केले, रोटरी हँडलवाले ब्रेकर आधी, बाकीचा माल नंतर, त्याने दोन दिवस वाचले आणि १४ वर आलो. पॅकहाऊसवाल्या दादांना तीच तारीख कळवली, ते म्हणाले चालेल, पण त्याच्या पुढे नको.

आता दर सोमवारी ऑफिसातला पोरगा लिंका काढून ग्रुपचे ठिपके टाकून `tsort` चालवतो, यादी सरळ आली तर कोणी काही बोलत नाही. एक भोक मात्र अजून उघडं आहे. सातपूरचा कोटिंगवाला आमच्या दोन ऑर्डरी एकत्र घेतो, भट्टी भरली की मगच लावतो, त्यामुळे या पॅनलचं कोटिंग दुसऱ्या ऑर्डरच्या पत्र्यासाठी थांबतं आणि कधी कधी उलटं. ती दुसरी ऑर्डर ट्रॅकरमध्ये वेगळ्या प्रोजेक्टमध्ये आहे, एका प्रोजेक्टची सीएसव्ही काढली तर तिथलं टास्क नुसता एक कोड म्हणून दिसतं, त्याच्या मागे काय आहे ते येत नाही, म्हणून दोन प्रोजेक्टांमधून फिरून येणारा गोल असला तर या तपासणीत सापडणार नाही. दोन्हींची सीएसव्ही एकाखाली एक चिकटवून चालवलं तर सापडतो, फक्त टास्कच्या कोडआधी प्रोजेक्टचं नाव लावायला विसरू नका, आमच्याकडे दोन्हीकडे `COAT` आहे आणि दोन वेगळी कोटिंगं एकच समजली गेली तर नसलेला गोल दिसायला लागतो.